गरम पाण्यानं चरबी जात नाही, वहिनींच्या वहीतच लिहिलंय

आमच्या वहिनींच्या ओट्यावर दिवाळीनंतर दोन थर्मास आले. नाशिकच्या सिडकोतलं घर, सकाळी सहाला गॅसवर मोठं पातेलं चढतं, पाणी खळखळ उकळतं, दोन्ही थर्मास भरले जातात आणि मग रात्री झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला स्टीलच्या पेल्यात थोडं ओतून घोट घोट प्यायचं. कॉलेज रोडजवळच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी एक ग्रुप भेटतो, त्यांनी सांगितलं होतं की दिवसभर गरम पाणी प्यायलं की चरबी वितळते आणि शरीरातले टॉक्सिन्स निघून जातात. वहिनी मनापासून करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी एक दिवस चुकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर वजन कमी झालंसुद्धा. नोव्हेंबरच्या मध्याला 74.2 होतं, जानेवारीच्या शेवटी 70.8. दहा आठवड्यांत जवळजवळ साडेतीन किलो.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, दरवर्षी मुलांना उष्णता आणि कॅलरी हा धडा शिकवतो, त्यामुळे घरात हे सुरू झाल्यावर माझ्याकडून गप्प बसवेना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं शास्त्र राहू द्या, काटा काय म्हणतोय ते बघा." काटा खोटं बोलत नव्हता हे मला मान्यच होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की काट्याला वजन कळतं, कारण कळत नाही.

आधी ते चरबी वितळण्याचं बघू, कारण सगळ्यांच्या मनात चित्र तेच असतं, तुपाचं भांडं गरम पाण्यानं धुतलं की कसं लख्ख निघतं, तसंच पोटाचं होत असणार. नाशिकच्या थंडीत डब्यातलं तूप दगडासारखं होतं आणि जरा ऊब दिली की पातळ, हे रोज डोळ्यासमोर असल्यामुळे ते पटतंही लगेच. पण आपल्या शरीराच्या आत डिसेंबर असो की मे, तापमान 37 अंशच असतं. त्या तापमानाला आपली चरबी मुळात मऊ, जवळजवळ पातळच असते, ती पेशींमध्ये थेंबांच्या रूपात साठवलेली असते, कुठे थिजून चिकटून बसलेली नसते की तिला वितळवायला बाहेरून ऊब लागेल. शिवाय आपण पितो ते पाणी जठरात जातं आणि थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाला येतं. कमरेवरच्या चरबीपर्यंत ते गरम पाणी म्हणून पोचतच नाही. आणि समजा ती वितळली, तरी ती जाणार कुठे? वितळणं म्हणजे संपणं नाही, पातळ तुपातही घट्ट तुपाइतक्याच कॅलरी असतात.

चरबी संपते ती जळून. शरीराला खाण्यातून मिळणारी ऊर्जा कमी पडली की पेशींमधली चरबी फुटून रक्तात येते, स्नायू वगैरे ती वापरतात, आणि तिचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. 2014 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याचा साधा हिशोब छापून आला होता, 10 किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली 8.4 किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर जाते आणि उरलेली 1.6 किलो पाणी होऊन. म्हणजे वजन मुख्यतः नाकातोंडातून जातं, लघवीतून किंवा शौचातून चरबीच्या गोळ्या निघत नाहीत. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना, आणि त्यात त्यांची चूक नाही, मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता कॅलरी. इथे मोठा गोंधळ एका शब्दाचा आहे. आम्ही वर्गात शिकवतो ती कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेली असते ती किलोकॅलरी, म्हणजे त्याच्या हजारपट, एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागणारी. लोक बोलताना दोन्हीला कॅलरीच म्हणतात आणि मग कुणीतरी वर्गातलं सूत्र लावून हजारांचे आकडे काढतं आणि ते ग्रुपवर फिरतात. या लेखात मी कॅलरी म्हणेन ती पुड्यावरचीच.

वहिनी दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितात, ते तोंडात जाताना सरासरी 55 अंश धरू. शरीर 37 ला. फरक 18 अंश, दोन लिटर, म्हणजे 36 कॅलरीची उष्णता पाण्याकडून शरीराला मिळते. नीट वाचा, मिळते, जळत नाही. शरीराला ती उष्णता साठवता येत नाही, तिची चरबीही करता येत नाही आणि तिच्यावर चालताही येत नाही, ती त्वचेवाटे, घामावाटे निघून जाते, म्हणून गरम पाण्यानं वजन वाढत नाही एवढं नक्की. पण खर्चाच्या बाजूला काहीच पडत नाही. उलट माठातलं 20 अंशाचं पाणी तेवढंच प्यायलं तर ते 37 ला आणायला शरीराकडून 34 कॅलरी जातील. म्हणजे पाण्याच्या तापमानानं कॅलरी जाळायच्या हाच मुद्दा असेल तर हिशोब थर्मासच्या नाही, माठाच्या बाजूनं आहे. आणि तरीही मी कुणाला माठाचं पाणी पिऊन बारीक व्हा असं सांगणार नाही, कारण 34 कॅलरी म्हणजे एका पोळीचा तिसरा हिस्सा. पाणी तापवायला शरीर दर वेळी वेगळी चरबी जाळतं असंही नाही, एरवी अंगातून बाहेर जाणारीच उष्णता त्यात बरीचशी वापरली जाते.

यावर एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो म्हणून सांगतो. 2003 साली जर्मनीत अर्धा लिटर पाणी पिऊन पुढच्या तासाभरात शरीराचा ऊर्जाखर्च मोजला, आणि तो बराच वाढलेला दिसला, एकूण धरला तर अर्ध्या लिटरला साधारण 24 कॅलरी. तिथलं पाणी 22 अंशाचं होतं, गरम नव्हतं. पुढे 2006 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच पुन्हा मोजलं तर साध्या पाण्यानं काहीच वाढ दिसली नाही, 3 अंशाच्या गार पाण्यानं तेवढी तासाभरापुरती साडेचार टक्के दिसली. माणूस नुसता बसून असताना तासाला साठ-सत्तर कॅलरी खर्च होतात, त्याचे साडेचार टक्के म्हणजे तीन कॅलरी. एवढ्यावर वजन कमी होत नसतं.

मग वहिनींचे साडेतीन किलो गेले कुठे?

याचं उत्तर त्यांच्या वहीत होतं. ट्रॅकवरच्या ग्रुपनं सांगितलं होतं की रोज सकाळचं वजन आणि किती पेले झाले ते लिहायचं. वहिनींनी त्यासाठी नवी वही घेतली नाही, घरखर्चाच्याच वहीत एका बाजूला वजन, पेले, आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचा किराणा-दुधाचा हिशोब. संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, जेवण झाल्यावर मी ती वही मागून घेतली आणि वजनाचं पान सोडून किराण्याचं पान वाचायला लागलो. ऑक्टोबरात साखर चार किलो. डिसेंबरात साखर तीन किलो. घरात माणसं तेवढीच. दूधही रोज पाव लिटर कमी घेतलेलं.

मी विचारलं, वहिनी चहा किती वेळा होतो हल्ली? म्हणाल्या, "चहा कुठे आता, सकाळी एक आणि दुपारी एक. बाकी वेळेला हेच पाणी पिते ना." आधी पाच व्हायचे. सकाळी उठल्यावर, दहाला कामवाल्या मावशींसोबत, दुपारी झोपून उठल्यावर, संध्याकाळी चार ग्लुकोज बिस्किटांसोबत, आणि रात्री साडेआठला टीव्हीसमोर. त्यांच्या चहात दोन चमचे साखर भरून पडते, दहा ग्रॅम धरा, म्हणजे 40 कॅलरी, आणि साठ मिली म्हशीचं-गाईचं मिसळलेलं दूध, त्याच्या आणखी चाळीसेक. एका कपाला 80. तीन कप गेले म्हणजे रोज 240, आणि संध्याकाळचा चहा गेल्यामुळे चार बिस्किटं पण गेली, त्यांच्या शंभरेक. रोजच्या 340 कॅलरी कमी. तीन कपांची साखर रोज तीस ग्रॅम, महिन्याला नऊशे ग्रॅम, किराण्याच्या पानावरचा तो कमी झालेला एक किलो बरोबर हाच.

आता एक किलो चरबी कमी व्हायला साधारण 7700 कॅलरीची तूट लागते असं धरतात. 340 गुणिले 70 दिवस, 23,800. भागिले 7700, तीन किलो शंभर ग्रॅम. काट्यावर गेले तीन किलो चारशे. वरचे तीनशे ग्रॅम पहिल्या आठवड्यातलेच दिसतात, तेव्हा पाचच दिवसांत नऊशे ग्रॅम कमी झालेले लिहिलेत, आणि इतक्या भराभर चरबी जात नाही, ते शरीरात धरून ठेवलेलं पाणी असतं, खाणं जरा कमी झालं की ते आधी निघतं. सातशे-आठशे ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी माझं म्हणणं बदलत नाही, कारण हा 7700 चा आकडा ढोबळच आहे आणि वजन उतरत जातं तशी शरीराची गरजही उतरते. पण सगळं वजन चहा-बिस्किटांनीच समजावून सांगता येतं, गरम पाण्यासाठी वेगळं काही उरतच नाही.

वहिनी लगेच म्हणाल्या, मग पाण्यामुळेच चहा सुटला ना, म्हणजे श्रेय पाण्याचंच. हा मुद्दा मला पटतो आणि म्हणूनच हा लेख गरम पाण्याच्या विरोधात नाही. हातात काहीतरी गरम हवं असतं, तोंडाला चाळा हवा असतो, तो साखरेशिवाय मिळाला तर उत्तमच. अमेरिकेत 2010 साली पंचावन्नच्या पुढच्या वयाच्या लोकांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, त्यातल्या अर्ध्यांनी दर जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. पाणी पिणाऱ्यांचं वजन सुमारे दोन किलोनं जास्त उतरलं. त्यातही पाणी गरम असण्याची अट नव्हती, पोट आधी भरलं म्हणून जेवण कमी झालं. म्हणजे पाणी मदत करतं ते दुसऱ्या कशाची जागा घेऊन. पण हे माणसाला ठाऊक असणं फार गरजेचं आहे, आणि का ते फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीत ग्रुपवर पुढची पायरी आली, नुसत्या पाण्यात लिंबू आणि एक मोठा चमचा मध, दिवसातून चार वेळा, म्हणजे चरबी डबल वेगानं जाते म्हणे. मध पण ग्रुपमधल्याच एका बाईंकडून. वहिनींनी सुरू केलं. मोठा चमचा मध वीस ग्रॅम भरतो, साठेक कॅलरी. चार वेळा, 240. तीन कप चहा सोडून वाचवलेल्या 240 आणि आता मधाच्या 240, आकडा तोच. वहीत दर सहाव्या दिवशी मधाची अर्धा किलोची बाटली लिहिलेली आहे. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिने वजन 70.6 आणि 71.1 च्या मध्येच फिरत राहिलं. ग्रुपनं सांगितलं की शरीर जुनं टॉक्सिन सोडत नाहीये, पाणी वाढवा, चार लिटर करा. कुणीही विचारलं नाही की बाई तुम्ही दिवसभरात खाता-पिता काय, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं. कारण चुकीचं धरलं की असं होतं, पाण्यानं होतंय असं वाटलं की पाण्यात काय टाकतोय याकडे लक्षच जात नाही.

आता टॉक्सिनबद्दल, कारण माझा खरा राग या शब्दावर आहे. मी ट्रॅकवर जाऊन त्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांना सरळ विचारलं, कुठलं टॉक्सिन, नाव सांगा. त्यांना सांगता आलं नाही. शरीरात नको असलेल्या गोष्टी असतातच, युरिया आहे, क्रिएटिनिन आहे, अमोनिया आहे, पोटात गेलेली औषधं, दारू आहे, आणि त्यांची व्यवस्था लिव्हर आणि किडनी रात्रंदिवस करतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. तुम्ही दोन लिटर जास्त प्यायलात तर त्या परत कमी घेतात आणि लघवी दोन लिटर जास्त होते, पण युरिया तेवढाच बाहेर जातो जेवढा तुमच्या खाण्यातल्या प्रथिनांमुळे तयार झाला. एक चमचा मीठ तांब्याभर पाण्यात घातलं काय आणि बादलीभर पाण्यात घातलं काय, मीठ चमचाभरच. वहिनी म्हणायच्या लघवी पांढरीशुभ्र होते म्हणजे आतून साफ झालं. ती पांढरी होते कारण पातळ झालेली असते. पाणी कमी पिणाऱ्याला, मुतखडा होऊन गेलेल्याला, उन्हात काम करणाऱ्याला जास्त पाणी प्यायचा फायदा आहेच, पण तो गरम असण्याचा नाही आणि त्याला डिटॉक्स म्हणायचं काही कारण नाही.

हा शब्द नुसता चुकीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. वहिनींचे सासरे, म्हणजे माझे वडील, हार्टचे पेशंट आहेत. हृदय अशक्त आहे, लघवीच्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी दिवसभरात चहा, आमटी, ताक सगळं धरून दीड लिटरच्या वर द्रव जाऊ द्यायचा नाही असं लिहून दिलंय. मार्चमध्ये घरात सगळेच चार लिटरवर गेले तेव्हा अण्णांनाही वाटलं आपणही करावं, सूनबाई प्रेमानं पेला हातात देते तर नाही कशाला म्हणायचं. चार दिवसांत त्यांचं वजन सव्वादोन किलोनं वाढलं. पायावर सूज, अंगठ्यानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा. रात्री आडवं झालं की दम लागायचा म्हणून दोन उशा घेऊन बसून झोपायला लागले. वहिनींनी ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं की घाबरू नका, टॉक्सिन्स बाहेर पडताना असं होतंच. हे वाचून मी हादरलो. ज्या शब्दात वजन उतरलं तरी डिटॉक्स, चढलं तरी डिटॉक्स, सूज आली तरी डिटॉक्स, त्यात माणूस बिघडतोय हे कळायला जागाच उरत नाही. सुदैवानं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, गोळ्यांचा डोस वाढवला, पाणी मोजून द्यायला सांगितलं आणि आठवड्यात सूज उतरली. हृदय अशक्त असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर ती चरबी नसते, ते पाणी असतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो. किडनीच्या आजारातही पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच प्यायचं. ट्रॅकवरच्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढची कितीतरी माणसं असतात, त्यांना सरसकट चार लिटर सांगणाऱ्यानं आधी एवढं तरी विचारायला हवं की तुम्हाला गोळ्या कसल्या चालू आहेत. मला वाटतं हे विचारल्याशिवाय असा सल्ला देणं चूकच आहे, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

अजून एक गोष्ट मी स्वतः मोजली. शाळेच्या लॅबमधलं थर्मामीटर घरी आणलं होतं. सकाळी सहाला भरलेल्या थर्मासमधलं पाणी दहा वाजता 74 अंश, पेल्यात ओतल्यावर 68, आणि वहिनी त्यातला पहिला घोट तसाच फुंकर मारून घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2016 मध्ये 65 अंशांच्या वरची पेयं पिणं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत असल्याच्या गटात घातलंय. दोष पाण्याचा नाही, चहाचा नाही, चटक्याचा आहे, रोज रोज तीच नाजूक कातडी भाजत राहण्याचा. एखाद्या दिवशी घशाला चटका बसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षं, असा नेम करायचा असेल तर पेला पाच मिनिटं तसाच ठेवावा. आमच्या पेल्यात पाच मिनिटांनी पाणी 59 ला आलं होतं. ओठाला लावून सहज ठेवता आलं, फुंकर मारावी लागली नाही, की समजावं चालेल.

कोमट पाण्यानं घसा शेकतो, सर्दीत बरं वाटतं, सकाळी पोट साफ व्हायला बऱ्याच जणांना मदत होते, आयुर्वेदातही त्याला पचनाला मदत करणारं म्हटलंय, आणि यातलं काहीही मी नाकारत नाही. पोट साफ झाल्यावर काट्यावर दोन-तीनशे ग्रॅम कमी दिसतात, ती चरबी नव्हे एवढंच लक्षात ठेवायचं.

एप्रिलपासून वहिनींनी मध बंद केलाय. चहा दोनच ठेवलेत, साखर एकेक चमचा. पाणी पितात, कधी कोमट, आता ऊन वाढल्यापासून बहुतेक माठातलं. वहीत वजनाच्या शेजारी आता पेल्यांच्या जागी चहा किती, बिस्किट किती, रविवारी मिसळीबरोबर पाव किती असं लिहितात, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात काटा 70 च्या खाली गेलाय. दुसरा थर्मास अण्णांच्या खोलीत गेला. त्याच्यावर वहिनींनी पांढरी पट्टी चिकटवून खूण केलीय, सकाळी त्या खुणेपर्यंत एक लिटर पाणी भरतात, अर्धा लिटर चहा-आमटीसाठी वेगळं धरलेलं, आणि रात्री थर्मासमध्ये किती उरलं ते अण्णा स्वतः बघून वहीत लिहायला सांगतात.